अनुभव नाही, मग पानावर लिहायचं काय?
पहिल्या नोकरीचा रेझ्युमे करायला येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक (टायपिंग, डीटीपी व झेरॉक्स सेंटर, जळगाव)

निकाल लागले की आमच्या काउंटरवर रोज एक वाक्य ऐकू येतं. "मनाजोडे अनुभवच नही शे भाऊ, मंग काय लिखू?" मग तो मुलगा किंवा मुलगी मित्राच्या रेझ्युमेची फाईल पुढे करते आणि म्हणते, नाव बदलून द्या. आम्ही नाव बदलून देऊ शकतो. पाच मिनिटांचं काम आहे. पण त्याच मित्राची फाईल त्या महिन्यात आणखी बारा जणांनी आणलेली असते, आणि एमआयडीसीतल्या ऑफिसात त्या तेराही प्रती एकाच टेबलावर जातात. म्हणून टायपिंगला बसण्याआधी आम्ही थोडे प्रश्न विचारतो. ते कोणते आणि कशासाठी, ते इथे सांगतो. घरून विचार करून आलात तर तुमचाही वेळ वाचेल आणि आमचाही.

रेझ्युमे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच जातो. तरी आधी मराठीत, किंवा घरी बोलता त्या भाषेत, कच्च्या कागदावर लिहून आणा. इंग्रजी आम्ही बघून घेऊ.

चोपड्याकडची एक मुलगी

नाव सांगत नाही, पण गोष्ट तिला विचारूनच छापतो आहोत. बी.कॉम., 2025 साली पास, टॅलीचा कोर्स झालेला. डाळ मिलमध्ये अकाउंट्स असिस्टंटची जागा निघाली होती. जाहिरातीत तीन गोष्टी मागितल्या होत्या: बिलांची नोंद, स्टॉकचा हिशोब आणि टॅली. तिने आणलेल्या पानावर सगळ्यात वर चार ओळींचा 'ऑब्जेक्टिव्ह' होता. आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीची व स्वतःची प्रगती साधणे, वगैरे. खाली शिक्षण, मग छंद (वाचन, संगीत ऐकणे), मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती आणि शेवटी प्रतिज्ञापत्र. 'अनुभव' या शब्दापुढे लिहिलं होतं: फ्रेशर.

आम्ही विचारलं, सुट्टीत काय करायचीस?

"काही नाही, काकांच्या दुकानात बसायची."

काकांचं कृषी सेवा केंद्र. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान, असे दोन खरीप हंगाम तिने काढले होते. बसून काय करायचीस, असं विचारल्यावर "मदत" हा शब्द आला. हा शब्द आला की आमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मदत म्हणजे हाताने नेमकं काय करायचीस? तेव्हा हळूहळू बाहेर आलं. ती संगणकावर बिलं करायची. उधारीची वही तिच्याकडे होती. आणि खताच्या पॉस मशीनवरचा साठा गोदामातल्या गोण्यांशी जुळवायचं कामही तिचंच होतं.

आता बघा, बियाण्यावर जीएसटी नाही, रासायनिक खतावर 5 टक्के, रासायनिक कीटकनाशकावर 18 टक्के. एकाच शेतकऱ्याच्या एकाच बिलात हे तीनही दर येतात. जिने दोन हंगाम अशी बिलं केली, तिला बिलांची नोंद नवीन नाही. पण पानावर यातलं एक अक्षर नव्हतं, कारण तिच्या मते ते घरचं काम होतं, त्याचा पगार नव्हता.

आकडा कुठून आणायचा

दिवसाला किती बिलं व्हायची? ती म्हणाली, शंभर तरी. आम्ही म्हटलं, अंदाज लिहू नकोस, घरी जाऊन जूनमधल्या चार दिवसांचं पहिलं आणि शेवटचं बिल नंबर बघून ये. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा आकडे होते 26, 31, 38 आणि 29. म्हणून लिहिलं, रोज 25 ते 40. शंभरापेक्षा हा आकडा लहान दिसतो, पण मुलाखतीत कुणी खोदून विचारलं तर तो टिकतो. उधारीच्या वहीत खाती मोजली, ती 140च्या आसपास निघाली.

आकडा असाच काढायचा. बिलबुक, हजेरी, वजनाच्या पावत्या, प्रॅक्टिकलची वही, काहीतरी सापडतंच. नाही सापडलं तर आकड्याशिवाय लिहा. मनाने घालू नका.

त्या पानाचा मधला भाग शेवटी असा झाला:

> प्रत्यक्ष काम (घरचे कृषी सेवा केंद्र, ता. चोपडा. जून ते सप्टेंबर, 2023 व 2024. बिनपगारी, अर्धवेळ)
> • हंगामात रोज 25 ते 40 बिले संगणकावर केली. बियाणे, खत व कीटकनाशक यांचे जीएसटी दर वेगळे लावले.
> • सुमारे 140 शेतकऱ्यांचे उधारी खाते वहीतून एक्सेलमध्ये घेतले. कापूस विक्रीनंतर वसुलीच्या वेळी प्रत्येकाची बाकी काढून दिली.
> • पॉस मशीनवरील खतसाठा व गोदामातील गोण्या दर आठवड्याला जुळवल्या आणि फरकाचे कारण शोधले.

'बिनपगारी' आणि 'घरचे' हे दोन शब्द आम्ही मुद्दाम ठेवले. ते काढले तर हीच माहिती खोटी वाटायला लागते. दुकान काकांचं आहे हे मुलाखतीत पाच मिनिटांत कळणारच असतं. तिथे ते निघण्यापेक्षा पानावर आधीच असलेलं बरं.

तिसऱ्या ओळीवर तिला प्रश्न येणार हे उघड होतं, म्हणून आम्हीच विचारून पाहिला: फरक कसला सापडला? ती लगेच म्हणाली, एकदा युरियाच्या सहा गोण्या गोदामात कमी भरल्या. मशीनवर होत्या, जागेवर नव्हत्या. नेटवर्क नसताना काकांनी कच्च्या चिठ्ठीवर दिल्या होत्या आणि मशीनवर चढवायच्या राहून गेल्या होत्या. चिठ्ठी गल्ल्याच्या खणात सापडली. हे सांगताना ती एकदाही अडखळली नाही. ज्या ओळीमागे अशी एखादी गोष्ट आहे ती ओळ ठेवायची, नाही ती काढायची. याच चाळणीतून तिच्या पानावरचं 'ॲडव्हान्स्ड एक्सेल' गळालं. तिथे लिहिलं: एक्सेल (फिल्टर, SUMIF, छपाईची मांडणी). तिला तेवढंच येत होतं, आणि त्या जागेला तेवढं पुरेसं होतं.

पानावर कशाच्या खाली काय

वर नाव, मोबाईल, ईमेल, गाव. मोबाईल व्हॉट्सॲपचाच द्या आणि छापल्यावर त्या नंबरला दुसऱ्या फोनवरून लावून बघा. एक आकडा चुकलेले रेझ्युमे आम्ही स्वतः पाहिले आहेत. दहावीत गंमत म्हणून काढलेला ईमेल असेल तर नावाचा नवीन काढा.

'ऑब्जेक्टिव्ह'च्या जागी दोन ओळी, फक्त त्या जागेपुरत्या. तिच्या अशा होत्या: 'बी.कॉम. (2025), टॅली प्राइमचे काम येते. कृषी सेवा केंद्रात दोन हंगाम बिले, उधारी व साठा सांभाळला. जळगावात राहण्याची सोय आहे.' शेवटचं वाक्य किरकोळ वाटेल, पण चोपड्याचा पत्ता बघून साहेबाच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो: ही रोज एसटीने येणार कशी?

मग प्रत्यक्ष काम, मग संगणक आणि इतर कौशल्यं, मग शिक्षण. तुमच्याकडे कामापेक्षा शिक्षणच जास्त बोलणारं असेल, उदाहरणार्थ डिप्लोमाचा चांगला प्रोजेक्ट, तर शिक्षण वर घ्या. शिक्षणात शेवटची पदवी आधी, दहावी शेवटी. सीजीपीए लिहिला तर तो कितीपैकी ते लिहा. एमएससीआयटी आणि शासनाची टायपिंग परीक्षा झाली असेल तर वर्षासकट लिहा, आणि टायपिंगचा वेग किती शब्दांचा तेही.

मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर तारखा ओढूनताणून जोडू नका. मार्कशीट दाखवायचीच असते.

धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि वडिलांचा व्यवसाय खाजगी नोकरीच्या रेझ्युमेत लागत नाही. आधार आणि पॅनचा नंबर तर अजिबात घालू नका. हे पान व्हॉट्सॲपवरून कुठे कुठे फिरेल हे तुमच्या हातात नसतं. (वर गणपती आणि खाली रास-नाडी असलेला लग्नाचा बायोडाटाही आम्ही करून देतो, पण ते खातं वेगळं.) सरकारी भरतीचा अर्ज मात्र वेगळा असतो. तिथे जे रकाने आहेत ते सगळे भरावेच लागतात.

दुसऱ्या पानावर चार ओळी गेल्या तर

हे हमखास होतं, आणि मग अक्षर बारीक करा अशी फर्माईश येते. आम्ही 10.5 पॉइंटच्या खाली जात नाही, आणि ए-4च्या चारही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर मोकळं सोडतो. जागा हवी तर आधी प्रतिज्ञापत्र काढतो, मग छंद, मग 'रेफरन्स मागितल्यास देऊ' ही ओळ. त्या मुलीचं पान एवढ्यातच एका बाजूत बसलं. तरीही बसलं नाही, तर दोन सारख्या ओळींतली एक जाते.

दोन रकान्यांचे, रंगीत पट्टीचे आणि कौशल्यांना पाचपैकी चार चांदण्या देणारे नमुने पुष्कळ जण मोबाईलवरून आणतात. दिसायला झकास. पण नोकरीच्या वेबसाइटवर अपलोड केल्यावर डाव्या-उजव्या रकान्यातला मजकूर पुष्कळदा एकमेकांत मिसळतो, आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर रंगीत पट्टीतलं नाव दिसेनासं होतं. साधा एक रकाना ठेवा.

पाठवताना पीडीएफच पाठवा. वर्डची फाईल दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडली की ओळी सरकतात आणि एका पानाचं दीड होतं. फाईलला `resume final new 2.pdf` असं नाव ठेवू नका. स्वतःचं नाव आणि पद ठेवा, म्हणजे समोरच्याला शंभर फाइलींत ती सापडेल. पतसंस्थेसाठी किंवा संस्थेसाठी मराठीत रेझ्युमे हवा असेल तर तो आम्ही युनिकोडमध्ये करतो. जुन्या फाँटमधली वर्डची फाईल ज्यांच्याकडे तो फाँट नाही त्यांना नुसत्या खुणा दाखवते.

ज्यांच्या घरी दुकान नाही त्यांच्यासाठी

केळीची गाडी भरताना वजनाच्या पावत्या आणि मजुरांची हजेरी ठेवणं, डेअरीवर फॅटप्रमाणे दुधाचा हिशोब लिहिणं, लहान मुलांच्या शिकवण्या, एनएसएसच्या शिबिरातला खर्चाचा ताळा, हे सगळं पानावर येऊ शकतं. मात्र त्या जागेशी संबंध हवा. हजेरीचं काम स्टोअर किंवा अकाउंट्सच्या जागेला चालेल, लेथ ऑपरेटरच्या जागेला त्याचा काही उपयोग नाही. तिथे आयटीआयमध्ये कोणत्या मशीनवर कोणता जॉब कितीच्या टॉलरन्समध्ये केला हेच लिहा.

अनुभवाचं खोटं पत्र किंवा न केलेल्या कोर्सचं प्रमाणपत्र आम्ही टाइप करत नाही. ओळखीच्यांनाही नाही.

येताना जाहिरातीचा फोटो, सगळ्या मार्कशीट आणि कच्चा कागद आणा. साधारण पाऊण तास लागतो. दर काउंटरवर लावले आहेत. पीडीएफबरोबर वर्डची फाईलही तुमच्या ईमेलवर पाठवतो. दुसऱ्या जागेसाठी वरच्या दोन ओळी बदलायच्या असतील तर घरीच बदला, त्यासाठी परत यायची गरज नाही.