निम्म्या भाड्याचं वचन : प्रतिफल नसतानाही मालक बांधला जातो तो कसा

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक चूक हमखास सापडते : ‘हाय ट्रीज खटल्यात भाडेकरू जिंकला.’ प्रत्यक्षात निकाल घरमालकाच्या बाजूने लागला होता. प्रॉमिसरी इस्टॉपेल, म्हणजे वचनविबंध : समोरच्याने वचनावर भरवसा ठेवला असेल, तर प्रतिफल नसलं तरी वचन देणाऱ्याला अन्याय्यपणे मागे फिरता येत नाही. त्याचा हा सगळ्यात प्रसिद्ध खटला, आणि तत्त्व गाजलं ते निकालपत्रातल्या अशा भागामुळे जो त्या निकालासाठी आवश्यकच नव्हता.

इंग्लिश कायद्यात वचन बंधनकारक व्हायला प्रतिफल लागतं. वचनाच्या बदल्यात समोरच्याने काही दिलं पाहिजे, केलं पाहिजे किंवा सोडलं पाहिजे. कर्जाच्या बाबतीत हा नियम फार कडक ठरतो. शंभर पौंड देणं असताना साठ घेऊन ‘हिशेब मिटला’ असं सावकार म्हणाला, तरी उरलेले चाळीस तो उद्या मागू शकतो, कारण ऋणको जे देणं लागतच होता त्यातलाच भाग त्याने दिला, नवं काही दिलं नाही. 1602 च्या पिनेल खटल्यातला हा विचार हाउस ऑफ लॉर्ड्सने 1884 मध्ये फोक्स विरुद्ध बिअर या खटल्यात पक्का केला. हप्त्यांनी मुद्दल फेडलंत तर दावा पुढे नेणार नाही, असं बिअरबाईंनी लिहून दिलं होतं. फोक्सने मुद्दल फेडलं, बाईंनी व्याज मागितलं आणि ते त्यांना मिळालं.

हाय ट्रीज ही लंडनमधली फ्लॅटची इमारत. 1937 मध्ये ती 99 वर्षांच्या पट्ट्याने, वर्षाला 2,500 पौंड भाड्याने घेतली गेली. युद्ध सुरू झालं, फ्लॅट रिकामे राहू लागले आणि 1940 मध्ये मालक कंपनीने भाडं 1,250 वर आणलं. 1945 पर्यंत फ्लॅट पुन्हा भरले, तेव्हा पूर्ण भाड्यासाठी दावा झाला, पण फक्त 1945 च्या शेवटच्या दोन तिमाह्यांसाठी. न्यायमूर्ती डेनिंग यांनी तेवढं मंजूर केलं, कारण सवलत युद्धकाळातल्या परिस्थितीपुरती होती. जाता जाता ते असंही म्हणाले की 1940 ते 1945 ची बाकी मागितली असती, तर ती मिळाली नसती. आधार म्हणून त्यांनी 1877 चा ह्यूज विरुद्ध मेट्रोपॉलिटन रेल्वे हा खटला घेतला. त्यात मालकाच्या वागण्यावरून भाडेकरूने दुरुस्तीची मुदत स्थगित झाल्याचं धरलं होतं, आणि न्यायालयाने मालकाला त्यावरून मागे फिरू दिलं नाही.

आता एक काल्पनिक प्रश्न सोडवू. लेस्टरमधल्या एका दुकानाचं भाडं महिना 2,000 पौंड. समोरचा रस्ता खोदला गेला. फेब्रुवारी 2022 मध्ये मालक स्वतःहून लिहितो, ‘मार्चपासून रस्ता खुला होईपर्यंत 1,000 द्या.’ त्या भरवशावर दुकानदार पट्टा संपवायची संधी सोडून देतो. 31 डिसेंबरला रस्ता खुला होतो, तरी मार्च 2023 अखेरपर्यंत तो 1,000 च भरतो. मग मालक 13 महिन्यांची 13,000 पौंड बाकी मागतो.

पहिली पायरी प्रतिफलाची. दुकानदाराने देण्यातला भागच दिला, आणि संधी सोडली ती मालकाने मागितली म्हणून नव्हे. वचनाचा मोबदला आणि वचनावर ठेवलेला भरवसा यांतला फरक नेमका इथे आहे. त्यामुळे करार बदलल्याचा युक्तिवाद टिकत नाही. दुसरी पायरी इस्टॉपेलची : आधीचं कायदेशीर नातं आहे, वचन स्पष्ट आहे, भरवसा ठेवला गेला आहे आणि आता मागे फिरणं अन्याय्य आहे. मार्च ते डिसेंबर 2022 च्या 10 महिन्यांचे 10,000 पौंड म्हणून बुडाले. जानेवारी ते मार्चचे 3,000 मात्र दुकानदाराने द्यायचे, कारण वचनातच मर्यादा होती. तशी मर्यादा नसती, तर मालकाला आधी वाजवी मुदतीची सूचना द्यावी लागली असती.

प्रश्नकर्ता हमखास दोन फाटे फोडतो. समजा मालकाने ‘नव्या पाटीसाठी 500 पौंड देईन’ असंही म्हटलं होतं. ते पैसे मिळणार नाहीत : 1951 च्या कोम विरुद्ध कोम खटल्यापासून इस्टॉपेल ही ढाल आहे, तलवार नाही, आणि नवं देणं उभं करायला प्रतिफलच लागतं. दुसरा फाटा : मालक पैशाच्या अडचणीत आहे हे हेरून दुकानदाराने ‘निम्मं घ्या, नाहीतर काहीच मिळणार नाही’ असा दम दिला असेल, तर मागे फिरणं अन्याय्य ठरत नाही. डी अँड सी बिल्डर्सच्या खटल्यात त्यांच्या 482 पौंडांच्या बिलापोटी 300 चा चेक असाच गळ्यात मारला होता, आणि उरलेली रक्कम बिल्डरांना मिळाली. तो निकाल देणाऱ्यांत डेनिंगही होते.

हेच दुकान पुण्यात असतं, तर भाडेकरूच्या वकिलाने आधी भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 63 उघडलं असतं. त्याखालच्या उदाहरणात 5,000 रुपयांच्या देण्यापोटी 2,000 स्वीकारले की सगळं देणं फिटतं, प्रतिफल लागत नाही. म्हणजे ज्या खड्ड्यावर डेनिंग यांना पूल बांधावा लागला, तो इथे बराचसा आधीच बुजवलेला होता.