लॅटिन मिस्सात ग्रीक शब्द कसे काय? ‘कीरिए एलेइसोन’ची पार्श्वभूमी

आमच्या मिरजेच्या क्वायरच्या प्रॅक्टिसला मागच्या महिन्यात शेजारचे काका येऊन बसले होते. काकांचा आयुष्यभराचा धंदा तंबोरे बनवायचा, त्यामुळे कान एकदम तयार, पण चर्चमधलं गाणं असं बसून कधी ऐकलेलं नव्हतं. आम्ही मिस्साचं, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेचं, पहिलं गाणं म्हणून संपवलं आणि काकांनी विचारलं, "तू लॅटिन म्हणालीस ना गं? मग हे कीरिए कीरिए काय आहे? पुढच्या गाण्यात मिझेरेरे मिझेरेरे येतंय त्याचा अर्थ तू दया कर सांगितलास, आणि याचाही अर्थ दया करच सांगतेस. एकाच गोष्टीला दोन शब्द कशाला?"

प्रश्न इतका नेमका होता की मी घरी येऊन सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. आमच्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं हे गातात पण त्यांनाही हे माहीत नसतं.

आधी उत्तर सांगते. ते गाणं लॅटिन नाहीच, ग्रीक आहे. मिस्सात दर वेळी तेच शब्द असलेली पाच मोठी गाणी असतात, कीरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस आणि आन्यूस देई. यातलं फक्त पहिलं पूर्ण ग्रीक, बाकी चार लॅटिन (मधेमधे आमेन, होसान्ना असे हिब्रू शब्द येतात पण तो वेगळा विषय). कीरिओस म्हणजे प्रभू, धनी. हाक मारताना त्याचं कीरिए होतं, आपण विठ्ठलला हाक मारताना विठ्ठला म्हणतो अगदी तसंच, आणि क्रिस्ते हे पण तसंच, ख्रिस्तचं ख्रिस्ता. एलेइसोन म्हणजे दया कर. मराठी मिस्सात आपण "प्रभो, दया कर, ख्रिस्ता, दया कर" म्हणतो ते शब्दाला शब्द हेच आहे.

आता लॅटिन मिस्सात ग्रीक कशाला. याचं एक सोपं उत्तर बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतं, की रोममधले सुरुवातीचे ख्रिस्ती लोक ग्रीक बोलायचे, उपासना ग्रीकमधे व्हायची, मग चौथ्या शतकात ती हळूहळू लॅटिनमधे आली आणि हे दोन शब्द तेवढे मागे राहून गेले. पहिला भाग खरा आहे, पण शेवटचा मला पटत नाही आणि बहुतेक अभ्यासकांनाही पटत नाही, कारण रोममधे कीरिए म्हणत असल्याच्या खुणा सापडतात त्या उपासना लॅटिन झाल्यानंतरच्या. म्हणजे हा जुन्या घरातला उरलेला सामान नाही, नंतर बाहेरून आलेला पाहुणा आहे.

तो कुठून आला याचा सगळ्यात सुंदर पुरावा एका बाईने लिहून ठेवलाय. तिचं नाव एगेरिया. 381 ते 384 च्या सुमारास ती युरोपच्या पश्चिम टोकाकडून निघून जेरुसलेमच्या यात्रेला गेली आणि तिथे काय काय पाहिलं ते घरच्या बहिणींना (म्हणजे तिच्या धर्मभगिनींना) लॅटिनमधे लिहून कळवलं. हे लिखाण हरवलेलंच होतं, 1884 मधे इटलीतल्या अरेझ्झो गावात त्याची जुनी प्रत सापडली. ती लिहिते की संध्याकाळी दिवे लावायच्या उपासनेत डीकन, म्हणजे धर्मगुरूंचा मदतनीस, एकेकाचं नाव घेत जातो आणि प्रत्येक नावामागे तिथे उभी असलेली खूप सारी लहान मुलं कीरिए एलेइसोन म्हणतात, आणि त्यांचे आवाज अगणित असतात. पुढे ती बहिणींना समजावून सांगते की आपण मिझेरेरे दोमिने म्हणतो ना, तेच हे.

काकांचा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी एका पाहुण्या श्रोतीनेच सोडवून ठेवलाय! आणि तिच्या त्या एका वाक्यावरून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे तिच्या गावाकडे तेव्हा हे ग्रीक शब्द रुळलेले नव्हते, नाहीतर अर्थ सांगायची गरज पडली नसती. दुसरी म्हणजे हे मुळात स्वतंत्र गाणं नव्हतंच, तो प्रतिसाद होता. कीर्तनात बुवा "पुंडलिक वरदे" म्हणतात आणि समोर बसलेले सगळे "हरि विठ्ठल" म्हणतात, तसा. पुढे उभा असलेला एकेक विनंती म्हणणार, आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, पावसापाण्यासाठी, आणि जमाव प्रत्येक वेळी तेच दोन शब्द म्हणणार. असे शब्द कोणी भाषांतर करून घेत नाही, ते तोंडातोंडी जसेच्या तसे जातात.

ते तोंडातोंडी गेले याची खूण शब्दातच आहे, आणि मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. ग्रीकमधे हा शब्द लिहितात तेव्हा ले नंतर इता नावाचं अक्षर येतं. फार जुन्या ग्रीकमधे त्याचा उच्चार लांब ए असा होता, म्हणजे शब्द झाला असता एलेएसोन. पण पुढच्या काळात बोलताना लोक त्याचा ई करायला लागले, लिहिताना मात्र अक्षर तेच राहिलं. लॅटिन लोकांनी पुस्तकातलं जुनं अक्षर बघून लिहिलं असतं तर तिथे ए आला असता. त्यांनी लिहिला इ. म्हणजे समोरचा ग्रीक माणूस जे म्हणत होता ते कानाने ऐकून लिहिलं.

मग मधल्या विनंत्या कुठे गेल्या? 529 मधे आजच्या फ्रान्समधल्या वेझों गावी बिशपांची सभा भरली, तिच्या ठरावात आहे की रोममधे, इटलीत आणि पूर्वेकडे सगळीकडे कीरिए एलेइसोन वारंवार म्हणायची गोड प्रथा पडलीय, तर आपणही सकाळच्या प्रार्थनेला, मिस्साला आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला ती सुरू करू. पुढे 598 मधे पोप ग्रेगरी, ज्यांना थोर ग्रेगरी म्हणतात, त्यांच्यावर टीका झाली की तुम्ही रोममधे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीकांच्या राजधानीच्या, चालीरीती आणताय. त्यांनी सिराक्यूजच्या बिशपना पत्र लिहून उत्तर दिलं, की आम्ही ग्रीकांसारखं म्हणत नाही, त्यांच्याकडे सगळे एकदम म्हणतात, आमच्याकडे आधी धर्मगुरू म्हणतात मग लोक उत्तर देतात, आणि आम्ही तितक्याच वेळा क्रिस्ते एलेइसोन पण म्हणतो जे ग्रीक कधीच म्हणत नाहीत. त्याच पत्रात ते सांगतात की रोजच्या साध्या मिस्सात आम्ही बाकी जे म्हणायचं असतं ते गाळतो आणि फक्त कीरिए, क्रिस्ते एवढंच ठेवतो, म्हणजे त्यावर जरा जास्त वेळ रेंगाळता येतं. विनंत्या गळाल्या आणि प्रतिसाद उरला तो असा! बुवांचं "पुंडलिक वरदे" गेलं आणि नुसतं "हरि विठ्ठल" राहिलं असं समजा. आणि मधलं क्रिस्ते ही तर चक्क रोमची भर आहे, शब्द ग्रीक पण पद्धत रोमची.

आठव्या शतकाच्या आसपास आकडा ठरून गेला, तीन वेळा कीरिए, तीन वेळा क्रिस्ते, परत तीन वेळा कीरिए, एकूण नऊ. शब्द इतके कमी असल्यावर गवय्याला मोकळं रान. जुन्या एकसुरी गायनात, म्हणजे सगळे मिळून एकच सुरावट गातात त्यात, कीरिएच्या शेवटच्या ए वर लांबच लांब आलाप जातो. काकांना मी म्हटलं, तुम्ही ख्यालात आकार ऐकता तसं हे, शब्द विसरा आणि तो एक स्वर कुठून कुठे जातो ते धरा, तर ते लगेच म्हणाले की मग बोलआलाप पण असणार. होता ना! नवव्या दहाव्या शतकापासून या लांब आलापांवर लॅटिन शब्द बसवलेले दिसतात, कुन्क्तीपोतेन्स गेनितोर देउस, ओम्नीक्रेआतोर, एलेइसोन, म्हणजे सर्वशक्तिमान जनका देवा, सगळं निर्माण करणाऱ्या, दया कर. सुरुवात लॅटिन, शेवट ग्रीक. (काही ठिकाणी सूर आणि शब्द बरोबरच रचले गेले असावेत असंही अभ्यासक म्हणतात.) 1570 च्या मिस्सा ग्रंथात हे घातलेले शब्द काढून टाकले, पण त्या सुरावटींची नावं म्हणून ते आजही टिकलेत, गायनाच्या पुस्तकातल्या चौथ्या नंबरच्या कीरिएला अजून कुन्क्तीपोतेन्सच म्हणतात.

इकडे साध्या लोकांच्या तोंडात त्याचं काय झालं तेही सांगायला हवं. कीरिए आणि एलेइसोन सलग म्हटलं की मधले दोन ए एकमेकांत मिसळतात, जर्मन लोकांनी तर ते कीरिएलाइस करून टाकलं आणि ज्या जर्मन गाण्यांच्या कडव्याच्या शेवटी ते यायचं त्या गाण्यांच्या प्रकारालाच लाइझेन हे नाव पडलं.

हीच मिसळामिसळ आमच्या क्वायरमधे पण होते. एलेइसोन मधे खरं तर चार तुकडे आहेत, ए, ले, इ, सोन. पण घाईत ले आणि इ जोडले जातात आणि तीनच ऐकू येतात. काही संगीतकारांनी मुद्दामच तीन धरून स्वर लिहिलेत तिथे ते बरोबर, पण जिथे इ ला वेगळा स्वर दिलाय तिथे अर्धे चार म्हणतात आणि अर्धे तीन, मग शेवटचा सोन एकत्र पडत नाही. ऐकणाऱ्याला गडबड नेमकी तिथेच कळते, काकांना पण कळली, त्यांनी फक्त मान हलवली. उच्चारातही, इटालियन वळणाने गाणारे दोन स्वरांमधला स मऊ करतात त्यामुळे एलेइझोन ऐकू येतं, ते चुकलेलं नसतं. क्रिस्तेमधे मात्र आपल्याकडच्या सवयीने ख येतो, तिथे साधा क हवा.

आता पुढे. प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने 1526 मधे जर्मन मिस्सा तयार केला तेव्हा कीरिए ग्रीकच ठेवलं, फक्त नऊऐवजी तीनदा. कॅथलिक चर्चमधे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या मोठ्या सभेनंतर (1962 ते 65) लोकभाषा आल्या, आणि 1970 च्या नव्या ग्रंथाप्रमाणे आता प्रत्येक हाक साधारण दोनदा म्हणतात, एकदा पुढच्याने आणि एकदा सगळ्यांनी, म्हणजे सहा. म्हणून जुन्या संगीतकाराचा मिस्सा ऐकताना तीन भाग शोधायचे, पहिला कीरिए, मधला क्रिस्ते आणि परत कीरिए. मधला भाग बहुतेक वेळा हलका, कमी आवाजांचा असतो. जर्मन संगीतकार बाखच्या बी मायनर मिस्सात पहिला कीरिए पाच आवाजांच्या क्वायरला, क्रिस्ते फक्त दोन सोप्रानोंना, म्हणजे सगळ्यात उंच आवाजांना, आणि शेवटचा कीरिए चार आवाजांना दिलाय, पाठ न करताही कुठे आलो ते कळतं.

काकांचा मूळ प्रश्न, दोन भाषांत एकच मागणं, तो प्रत्यक्ष कानाने ऐकायचा असेल तर गुड फ्रायडेला यायला लागतं. त्या दिवशी क्रूसाला वंदन करताना एक जुनं गाणं आहे, त्यात क्वायरचे दोन गट समोरासमोर असतात. एक गट ग्रीकमधे आजिओस ओ थेओस म्हणतो, दुसरा लॅटिनमधे सांक्तुस देउस, दोन्हींचा अर्थ पवित्र देव. मग आजिओस इस्किरोस, सांक्तुस फोर्तिस, पवित्र सामर्थ्यवान. शेवटी पहिला गट म्हणतो आजिओस आथानातोस, एलेइसोन इमास, आणि दुसरा सांक्तुस इम्मोर्तालिस, मिझेरेरे नोबिस, पवित्र अमर, आमच्यावर दया कर. एलेइसोन आणि मिझेरेरे एका पाठोपाठ एक, एकाच सुरावटीवर.

आमच्याकडे यंदा ते दोन्ही गटांनी बसवायचं चाललंय, ग्रीक बाजूला सहा जण आणि लॅटिन बाजूला सात. काकांनी विचारलंय की सुरुवातीचा सूर पेटीऐवजी तंबोऱ्यावर धरला तर चालेल का. त्या दिवशी चर्चमधे वाद्यं जवळजवळ बंदच असतात, पण गाण्याला आधार देण्यापुरतं चालतं, त्यामुळे फादरना विचारून सांगते म्हटलंय.