‘शनिवारी रात्री अडीच’ म्हणजे नेमकं कधी?

वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत परदेशी ग्राहकाशी पत्रव्यवहार फॅक्सच्या काळापासून आहे. तेव्हा वेळेचा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. रात्री आलेला कागद सकाळी ट्रेमध्ये सापडायचा, त्याच्या माथ्यावर पाठवणाऱ्याच्या घड्याळातली वेळ छापलेली असायची आणि ती कोणी वाचत नसे. उत्तर संध्याकाळी गेलं तरी चालायचं. ईमेल आला, मग रेखांकनाची, डिझाइनची कामं थेट इथून व्हायला लागली, आणि मुदत दिवसांऐवजी तासांत मोजली जाऊ लागली. घोळ तिथून सुरू झाला.

सर्वांत जास्त भांडणं ‘ईओडी’ या तीन अक्षरांवरून झाली. दिवस संपेपर्यंत, ठीक; पण कोणाचा दिवस? लिहिणारा आपल्याच दिवसाचा विचार करतो. डेट्रॉइटचा माणूस ‘शुक्रवार ईओडी’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात संध्याकाळचे पाच असतात. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, त्यामुळे उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे शनिवारचे पहाटेचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. त्यातही तो जुलैत सवयीने ‘ईएसटी’ लिहितो. ही हिवाळ्यातली वेळ. शब्दशः धरली तर एक तास चुकतो. नुसतं ‘डेट्रॉइटची वेळ’ लिहिलं तर हा प्रश्नच येत नाही. आपलं ‘आयएसटी’ही काही निर्मळ नाही. इस्रायल आणि आयर्लंडचे लोकही आपापल्या वेळेला हीच अक्षरं लावतात.

पण माझ्या मते खरी मेख मराठीत आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपला वार सूर्योदयाला बदलतो, पंचांगातही आणि बोलण्यातही. शुक्रवारी झोपायला उशीर झाला आणि अडीच वाजले, तर आपण ‘शुक्रवारी रात्री अडीचला झोपलो’ म्हणतो. संगणकाच्या लेखी तो शनिवार असतो.

२०१९ च्या जुलैत आम्ही याच ठिकाणी आपटलो. एका डायच्या रेखांकनाची मुदत १२ तारखेची, शुक्रवारची होती. त्या दिवशी आषाढी एकादशी, त्यामुळे ऑफिस निम्मं रिकामं आणि उरलेले साबुदाण्यावर. ग्राहकाने चांगुलपणाने स्वतःच हिशोब करून ‘शनिवार, पहाटे २:३०, भारतीय वेळ’ या अर्थाचं लिहिलं होतं, पण इंग्रजीत ‘एएम’ असं. आमच्या टीम लीडने ते फोनवर ‘शनिवारी रात्री अडीचपर्यंत’ असं सांगितलं. झालं. पोरांना शनिवारचा अख्खा दिवस मिळाला असं वाटलं. फाइल गेली रविवारी रात्री एक वाजता, म्हणजे आमच्या भाषेत ‘शनिवारी रात्री’. ती साडेबावीस तास उशिरा पोचली आणि तिकडची शनिवारची पाळी रेखांकनाची वाट बघत बसून राहिली. ग्राहकाने आरडाओरडा केला नाही, पण पुढच्या कामाआधी दोनदा विचारलं, ‘तारीख नक्की ना?’ ते जास्त लागलं.

तेव्हापासून मुदतीची ओळ अशी जाते, दोन्ही वार आणि दोन्ही तारखांसह:

```
Due: Fri 12 July, 17:00 Detroit
   = Sat 13 July, 02:30 India
```

चोवीस तासांच्या घड्याळामुळे ‘एएम’चा गोंधळ जातो, तारखेमुळे वाराचा. मध्यरात्रीची १२ ची मुदत तर आम्ही कधीच देत नाही. ती आधीच्या दिवसाची की पुढच्या, यावर दोन माणसांचंही एकमत होत नाही. त्याहून बरी युक्ती म्हणजे मुदतच अलीकडे ओढणं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला फाइल दिली तर उन्हाळ्यात डेट्रॉइटला सकाळचे साडेआठ असतात. ग्राहक चहा घेता घेता बघतो आणि शंका आपण जागे असतानाच येते. दुपारी एक ते रात्री दहा ही पाळी बऱ्याच ऑफिसांत आली ती याच गणितातून. घरच्यांना ती अजून पटलेली नाही, हा भाग वेगळा.

२००७ मध्ये अमेरिकेने उन्हाळी वेळ लांबवली. तोवर ऑक्टोबरात अमेरिका आणि युरोप एकाच रविवारी घड्याळं मागे घेत असत. आता अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटा पुढे करते, तर युरोप शेवटच्या. विजेची बचत हे कारण सांगितलं गेलं. आपल्या वाट्याला काय आलं, ते मार्चमध्ये बघा. डेट्रॉइटच्या सकाळी आठला बांधलेली तिघांची बैठक ८ मार्च २०२६ पासून आपल्याकडे साडेसहाऐवजी साडेपाचला आली. जर्मनीच्या ग्राहकाला ती तीन आठवडे दुपारी दोनऐवजी एकला, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी पडली. २९ मार्चला त्याची पुन्हा दोन झाली, आपली मात्र साडेपाचच राहिली. आमच्या निमंत्रणात म्हणून एक ओळ कायमची असते: ही बैठक डेट्रॉइटच्या घड्याळावर आहे.