कास्ट की मिररिंग? योगाचा व्हिडिओ टीव्हीवर लावताना होणारा घोळ

सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, "टीव्हीवर योगा लावला की मध्येच बंद पडतो, वायफाय बदलू का?" अहो, वायफायचा दोष बहुतेक वेळा नसतोच, तुम्ही कास्टच्या ऐवजी मिररिंग केलेलं असतं!

मिररिंग सगळ्यांना माहितीये, फोनच्या स्क्रीनवर जे दिसतं ते जसंच्या तसं टीव्हीवर. कास्ट पूर्ण वेगळं आहे. यूट्यूबमध्ये व्हिडिओच्या वर चौकोन आणि कोपऱ्यात वायफायसारख्या रेषा असलेलं चिन्ह असतं, ते दाबलं की फोन टीव्हीला फक्त कुठला व्हिडिओ लावायचा ते सांगतो आणि पुढे टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो चालवतो. फोन उरतो निव्वळ रिमोट म्हणून. म्हणून फोन लॉक करा, फोन घ्या, काहीही करा, सूर्यनमस्कार चालूच राहतात. मिररिंगमध्ये मात्र स्क्रीन बंद झाली की टीव्हीवरचं चित्र गेलं, बॅटरी भराभर उतरते, आणि नणंदबाईंचा मेसेज अख्ख्या हॉलला दिसतो.

घोळ नावांमुळे होतो. वरून खाली ओढल्यावर जी बटणं येतात त्यात काही फोनवर `Cast` लिहिलेलं असतं, काहींवर `Smart View`, आणि त्यातून बहुतेक वेळा मिररिंगच होतं, लोकांना वाटतं आपण कास्टच केलं. ओळखायचं सोपं आहे: व्हिडिओ चालू असताना फोनचं पॉवर बटण दाबा. टीव्ही चालू राहिला तर कास्ट, थांबला तर मिररिंग.

कास्टचं चिन्हच दिसत नसेल तर फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर आहेत का बघा, फोनवर व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करा. सरांनी व्हॉट्सॅपवर पाठवलेली फाइल किंवा झूमचा लाइव्ह क्लास असेल तर मिररिंगच सोपं पडतं, तेव्हा फोन चार्जिंगला आणि आडवा ठेवा, उभा ठेवला तर टीव्हीवर मधोमध बारीक पट्टी दिसते.

याचा फायदा स्वयंपाकात खरा कळतो. हॉलमधला टीव्ही ओट्यावरून दिसत असेल तर मोदकाचा व्हिडिओ कास्ट करून फोन ओट्यावर कोरड्या जागी ठेवा, उकड काढताना पाण्याचं प्रमाण निसटलं की हात पुसून फोनवरच दहा सेकंद मागे जाता येतं. मिररिंग केलेल्या फोनला पिठाचा हात लागला की टीव्हीवर भलतंच काहीतरी उघडतं.

योगाला टीव्ही भिंतीवर उंच असेल तर मॅट थोडी मागे घ्या, अगदी खाली बसलात तर मान वर करून बघावं लागतं, ते मला अजिबात पटत नाही. उभ्या आसनांना टीव्हीकडे तोंड करून उभे राहा, पण सर्वांगासनात स्क्रीन बघायला मान वळवायची नाही म्हणजे नाहीच, सगळं वजन खांद्यांवर आणि मानेजवळ आलेलं असतं. ते आसन आधी पूर्ण बघून घ्या, मग व्हिडिओ मागे नेऊन नुसतं ऐकत करा.