एएमएच आणि वय: एग फ्रीझिंग करताना कशावरून काय ठरतं

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या कुठल्याही लॅबमध्ये सकाळी रक्त दिलं की बहुधा एक-दोन दिवसांत एएमएचचा रिपोर्ट हातात येतो. तिशीतल्या बायका त्या आकड्याकडे प्रगतिपुस्तकासारखं पाहतात. १.० आला की पोटात गोळा येतो, ४ आला की ‘अजून वेळ आहे’ म्हणून विषय पुढे ढकलला जातो. या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत, कारण एएमएच एक गोष्ट सांगतं आणि वय दुसरीच.

एएमएच हा अंडाशयातल्या छोट्या फॉलिकल्समधून, म्हणजे बीज जिथे वाढतं त्या पिशव्यांमधून, स्रवणारा हार्मोन. इंजेक्शनं दिली तर एका खेपेत साधारण किती बीजं मिळतील, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. त्या बीजांचा दर्जा मात्र त्यात दिसत नाही. एएमएच कमी असलं म्हणून नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता कमी होते असंही नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा कमी दिसतो, पीसीओएस असेल तर फुगलेला दिसतो. म्हणून त्याच्या जोडीला पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत फॉलिकल्स मोजून घ्यावेत.

दर्जा वयावर ठरतो. वय वाढतं तसं बीजात गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचं प्रमाण वाढतं, आणि पस्तिशीनंतर ते झपाट्याने वाढतं. चाळिशीच्या आसपास निम्म्याहून जास्त भ्रूणांत हा दोष असतो. तो कुठल्याही इंजेक्शनाने किंवा गोळीने दुरुस्त होत नाही.

एरवी दर महिन्याला फॉलिकल्सचा एक गट वाढू लागतो, त्यातलं एक पुढे जातं आणि बाकीची विरून जातात. फ्रीझिंगसाठी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज साधारण १५० ते ३०० युनिट एफएसएच हा फॉलिकल्स वाढवणारा हार्मोन पोटाच्या कातडीखाली टोचतात, तेव्हा ही विरणारीही तगतात. त्यामुळे ‘साठा लवकर संपून पाळी लवकर जाईल’ ही भीती निराधार आहे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बीजं वेळेआधी सुटू नयेत म्हणून दुसरं इंजेक्शन सुरू होतं. दहा-बारा दिवसांत चार-पाच सोनोग्राफ्या होतात. फॉलिकल्स १८ मिलीमीटरच्या आसपास पोचले की ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, देतात आणि साधारण ३६ तासांनी, भूल देऊन, योनीमार्गे सुईने बीजं काढतात. ही वेळ काटेकोर पाळावी लागते. रात्री दहाला ट्रिगर घेतला तर परवा सकाळी दहाला टेबलावर असायला हवं. सेंटर मुंबईत असेल तर आदल्या रात्रीच तिथे मुक्काम करावा, कसारा घाटाच्या भरवशावर राहू नये.

एएमएच जास्त असणाऱ्यांना इथे वेगळाच धोका असतो. बीजं फार आली तर अंडाशय सुजतात आणि पोटात पाणी साठतं. अशा वेळी एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइडसारख्या औषधाने ट्रिगर दिला तर हा धोका खूप कमी होतो. आपल्याला कुठला ट्रिगर देणार, हे आधीच विचारून घ्यावं. नंतर पोट भराभर फुगलं, लघवी कमी झाली किंवा दम लागला, तर फोनवर सल्ला घेत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

आता दोघींची तुलना करू. पहिली ३४ वर्षांची, एएमएच १.०. एका खेपेत समजा सहा बीजं निघाली, त्यातली पाच पक्व. गोठवायची ती पक्वच. दुसरी ३७ वर्षांची, एएमएच ४. तिला एकाच खेपेत अठरा निघाली, चौदा पक्व. वरवर पाहता दुसरी खूप पुढे आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनच्या संशोधकांच्या गणितानुसार मात्र किमान एक मूल होण्याची शक्यता ७५ टक्क्यांवर न्यायला ३४ व्या वर्षी सुमारे १० पक्व बीजं लागतात, ३७ व्या वर्षी २०, आणि ४२ व्या वर्षी ६१. म्हणजे पहिलीने दोन खेपा केल्या तर ती तिथे पोचते, दुसरी चौदा बीजं घेऊनही त्याच्या खालीच राहते. पहिलीला खर्च आणि सुया दुप्पट लागतात एवढंच.

बीजं हातात आली तरी पुढे प्रत्येक टप्प्यावर गळती होतेच. पहिलीच्या दहांपैकी वितळवल्यावर समजा आठ-नऊ टिकली, सहा फलित झाली, तर पाचव्या दिवसापर्यंत पोचणारे भ्रूण दोन किंवा तीन. त्यातलाही प्रत्येक रुजत नाही.

त्यामुळे कमी एएमएचचा अर्थ ‘आता संपलं’ असा नाही. गोठवायचंच असेल तर लवकर ठरवा आणि एकाहून जास्त खेपांची तयारी ठेवा, इतकाच तो आहे. जास्त एएमएच ३६ व्या वर्षी थांबायची परवानगी देत नाही. वर्षा-दोन वर्षांत मूल हवंच असेल आणि जोडीदार असेल, तर गोठवण्यापेक्षा प्रयत्न सुरू करणंच शहाणपणाचं. सेंटर निवडताना ‘तुम्ही किती बीजं गोठवलीत’ याऐवजी ‘गोठवलेली किती वितळवलीत आणि त्यातून बाळं किती झाली’ हे विचारा. वितळवण्याचा अनुभवच नसेल, तर यशाचा आकडा त्यांचा स्वतःचा नाही.