त्रिकोणाची असमानता, संयुग्मी संख्या आणि बरोबरीचा अर्थ

अकरावीच्या वर्गात संमिश्र संख्यांसाठी त्रिकोणाची असमानता फळ्यावर मांडली, की नागपुरात निदान एक विद्यार्थी तरी म्हणतो, "सर, हे तर दिसूनच राहिलं, सिद्ध काय करायचं त्यात?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. कस्तुरचंद पार्कच्या दोन बाजूंनी वळसा घेण्याऐवजी मैदानातून तिरपे गेले की वाट वाचते, हे कोणालाही शिकवावे लागत नाही. हा आक्षेप जुनाही आहे. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथातील पहिल्या भागाचे विसावे विधान म्हणजे हीच असमानता. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील भाष्यकार प्रॉक्लस याने नोंदवले आहे, की एपिक्युरसचे अनुयायी या विधानाची टर उडवत आणि म्हणत, की गवत एका शिरोबिंदूपाशी आणि गाढव दुसऱ्यापाशी ठेवले तर गाढवसुद्धा सरळ एकाच बाजूने जाईल. प्रॉक्लसचे उत्तर असे, की दिसणे वेगळे आणि का होते हे जाणणे वेगळे.

युक्लिडच्या सिद्धतेतील एक पाऊल पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून ते इथे सांगतो. त्रिकोण ABC मध्ये तो बाजू BA पुढे वाढवतो आणि तिच्यावर AD = AC असेल असा बिंदू D घेतो. म्हणजे वाकडी वाट सरळ ताणून तो BD हा एकच रेषाखंड करतो आणि मग मोठ्या कोनासमोरची बाजू मोठी या आधीच्या विधानावरून BD ही BC पेक्षा मोठी असल्याचे दाखवतो. त्याच्याकडे बरोबरीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तीन बिंदू एका रेषेत आले तर त्याच्या लेखी तो त्रिकोणच नव्हे.

संमिश्र संख्या प्रतलावरील बिंदू म्हणून दाखवण्याची कल्पना कॅस्पर वेसेलने १७९७ साली डॅनिश अकादमीपुढे आणि झां-रोबेर आर्गांने १८०६ साली स्वतंत्रपणे मांडली. वेसेलचा निबंध जवळजवळ शतकभर दुर्लक्षितच राहिला. या चित्रात z + w म्हणजे आधी z इतके आणि मग w इतके चालणे. तेव्हा |z + w| ≤ |z| + |w| हे युक्लिडचेच विधान ठरते, फरक इतकाच, की आता बरोबरीलाही जागा आहे. कोशीने मात्र १८२१ च्या आपल्या विश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकात या संख्यांना चित्राचा आधार दिला नाही. त्याने त्यांच्याकडे चिन्हांची जोडणी म्हणूनच पाहिले, आणि a + bi व a − bi यांच्या जोडीला ‘संयुग्मी’ हे नाव त्याच पुस्तकात आले. माझ्या मते संयुग्मीने दिलेली सिद्धता याच वृत्तीची आहे, कारण तिच्यात आकृतीकडे एकदाही पाहावे लागत नाही.

तिचा सारा भार z·z̄ = |z|² या एका सूत्रावर आहे. मापांकात वर्गमूळ असते आणि ते बेरजेला जुमानत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचा वर्ग घेऊन सुरुवात करावी:

|z + w|² = (z + w)(z̄ + w̄) = |z|² + zw̄ + z̄w + |w|²

मधल्या दोन पदांकडे नीट पाहिले तर z̄w ही zw̄ हिचीच संयुग्मी आहे. संख्या आणि तिची संयुग्मी यांच्या बेरजेत काल्पनिक भाग नाहीसा होतो आणि वास्तव भाग दुप्पट होतो, म्हणून ती बेरीज 2Re(zw̄) इतकी आहे. कोणत्याही संख्येचा वास्तव भाग तिच्या मापांकाहून मोठा नसतो, आणि |zw̄| = |z||w|. म्हणून

|z + w|² ≤ |z|² + 2|z||w| + |w|² = (|z| + |w|)²

आणि वर्गमूळ घेतले की विधान सिद्ध होते. गुणाकाराचा मापांक म्हणजे मापांकांचा गुणाकार हे इथे गृहीत धरले आहे. त्यामागचे सूत्र, म्हणजे (a² + b²)(c² + d²) = (ac + bd)² + (ad − bc)², संमिश्र संख्यांहून फार जुने आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ‘भावना’ म्हणून ओळखली जाणारी जी रीत दिली, तिच्यात याच घडणीचे अधिक व्यापक सूत्र आहे.

सिद्धतेत ‘लहान किंवा बरोबर’ ही खूण एकाच ठिकाणी आली, म्हणून तूट नेमकी किती हेही लिहिता येते:

(|z| + |w|)² − |z + w|² = 2(|zw̄| − Re(zw̄))

z = 3 + 4i आणि w = 4 + 3i घेऊ. दोघींचे मापांक 5, म्हणून (|z| + |w|)² = 100. बेरीज 7 + 7i, तिच्या मापांकाचा वर्ग 98, म्हणजे तूट 2. दुसरीकडे zw̄ = (3 + 4i)(4 − 3i) = 24 + 7i, तिचा मापांक 25, वास्तव भाग 24, आणि 2(25 − 24) = 2. यातला 7 हा z आणि w यांनी बनलेल्या समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ आहे. दोन्ही दिशा जवळजवळ एकच असल्याने क्षेत्रफळ 25 च्या मानाने लहान आहे, आणि तूटही लहान आहे.

बरोबरी हवी असेल तर zw̄ चा वास्तव भाग तिच्या मापांकाइतका हवा, म्हणजे zw̄ ही वास्तव आणि ऋण नसलेली संख्या हवी. w शून्य नसेल तर z/w = zw̄/|w|², म्हणून अट अशी होते: z = tw, जिथे t वास्तव आहे आणि t ≥ 0. भूमितीच्या भाषेत, z आणि w आरंभबिंदूतून निघणाऱ्या एकाच किरणावर असतात आणि z हा बिंदू 0 व z + w यांना जोडणाऱ्या रेषाखंडावर येतो. युक्लिडने ताणून सरळ केलेला BD तो हाच.

उत्तरपत्रिकांत चूक बहुधा इथेच होते. क्षेत्रफळ शून्य झाले की बरोबरी, असे मुले लिहितात. z = 3 + 4i आणि w = −3 − 4i यांचे क्षेत्रफळ शून्यच आहे, पण zw̄ = −25 आणि बेरीज 0, तर मापांकांची बेरीज 10. एका रेषेवर असणे पुरत नाही, दिशाही एकच हवी. दुसरी चूक संयुग्मी विसरून zw घेण्याची. 3 + 4i आणि 6 + 8i एकाच किरणावर आहेत, तरी त्यांचा साधा गुणाकार −14 + 48i येतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. संयुग्मी घेतली तर गुणाकारात कोनांची वजाबाकी होते, आणि उत्तर 50 येते.

ही अट हाती असली, की |z + 4| + |z − 2| = 6 या समीकरणाकडे पाहून घाईने लंबवर्तुळ काढण्याची चूक टळते. (z + 4) + (2 − z) = 6 असल्याने इथे बरोबरीच मागितली आहे. म्हणून दोन्ही पदे एकाच दिशेची, आणि तीही 6 ची म्हणजे धन वास्तव अक्षाची, असली पाहिजेत. उत्तर −4 ते 2 हा रेषाखंड, दोन्ही टोके धरून, कारण टोकाशी एक पद शून्य होते आणि शून्यालाही अट मान्य आहे. अधिकच्या जागी वजा करून |z + 4| − |z − 2| = 6 घेतले, तर z + 4 = (z − 2) + 6 असे लिहून तीच अट z − 2 आणि 6 यांना लावावी, आणि उत्तर 2 पासून उजवीकडे जाणारा किरण मिळतो.