‘चव आवडत नाही’ या उत्तरामागचं कारण: 1950 सालच्या दोन वाणसामानाच्या याद्या

हा ब्रँड का घेता, असं विचारलं की ग्राहक उत्तर देतो आणि ते बहुधा खोटंही नसतं. पण ते चारचौघांत शोभेल असं असतं. चव, किंमत, टिकाऊपणा ही कारणं सांगायला सोपी, कुणाला न दुखावणारी आणि लगेच सुचणारी. मुलाखत घेणारा ती लिहून घेतो, कंपनी चव सुधारते, खप मात्र हलत नाही.

ही अडचण नीट मांडणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी एक म्हणजे व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले पॉल लाझार्सफेल्ड. ‘का’ हा एकच प्रश्न नाही, हा त्यांच्या 1935 सालच्या लेखाचा गाभा होता. “तुम्ही हे पुस्तक विकत का घेतलं?” हे वाक्य घ्या. ‘विकत’वर जोर दिला, तर वाचनालयात ते मिळत नव्हतं, हे उत्तर येईल. ‘हे’वर दिला तर लेखक आवडतो, आणि ‘तुम्ही’वर दिला तर वेगळीच काहीतरी घरगुती हकीकत. दहा जण एकाच ‘का’ला दहा वेगळे प्रश्न समजून उत्तरं देतात आणि नंतर ती एकाच तक्त्यात टक्केवारीने मांडली जातात. लाझार्सफेल्डांचा उपाय प्रश्न फोडण्याचा होता: आधी काय वापरत होता, बदल कशामुळे झाला, या वस्तूतलं काय भावलं. हा उपाय चांगला आहे, पण उत्तर देणाऱ्याला कारण ठाऊक आहे आणि ते सांगायची त्याची तयारी आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

हे गृहीतक मोडलं ते कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मेसन हेअर यांच्या 1950 सालच्या शोधनिबंधाने. विषय होता नेसकॅफे, म्हणजे तेव्हा नवी असलेली झटपट कॉफी. न वापरणाऱ्या गृहिणींना थेट विचारलं की त्यात काय आवडत नाही, तर बहुतेकींचं उत्तर एकच होतं: चव. हेअर यांना हे उत्तर फार सोयीचं वाटलं. म्हणून त्यांनी कॉफीबद्दल विचारणंच थांबवलं.

त्यांनी खरेदीच्या दोन याद्या केल्या. दोन्हींत दीड पौंड खिमा, पावाच्या दोन लाद्या, गाजरांची जुडी, बेकिंग पावडरचा डबा, पीच फळांचे दोन डबे आणि पाच पौंड बटाटे. फरक एका ओळीचा: एकीत नेसकॅफे झटपट कॉफी, दुसरीत मॅक्सवेल हाउसची एक पौंड दळलेली कॉफी. एकूण 100 बायकांपैकी 50 जणींना एक यादी दिली, 50 जणींना दुसरी. दुसरी यादी अस्तित्वात आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. सूचना साधी होती: यादी वाचा, हा किराणा घेणारी बाई कशी असेल ते डोळ्यांसमोर आणा, तिच्या स्वभावाचं थोडक्यात वर्णन लिहा आणि कशावरून तसं वाटलं तेही लिहा.

नेसकॅफेची यादी वाचणाऱ्यांपैकी 48 टक्के बायकांनी तिला आळशी म्हटलं. दळलेल्या कॉफीच्या यादीला हाच शेरा 4 टक्क्यांनी मारला. घरखर्चाचं नियोजन जमत नाही, असं 48 टक्के आणि 12 टक्के. ‘चांगली बायको नाही’ हे नेसकॅफेवालीबद्दल 16 टक्क्यांनी लिहिलं, दुसरीबद्दल एकीनेही नाही. टक्केवारीने दिपून जायला नको. 50 जणींत 48 टक्के म्हणजे 24 बायका. तरीही 24 आणि 2 यांतला फरक योगायोगाचा म्हणता येत नाही. चवीचा उल्लेख करणाऱ्या बायकांच्या मनात खरी भीती होती ती लोक काय म्हणतील याची.

इथे चाणाक्ष वाचकाला एक भोक दिसेल. याद्यांत फक्त कॉफीचा प्रकार बदलला नव्हता, ब्रँडही बदलला होता. मग आळशीपणाचा शिक्का झटपटपणावर बसला की नेसकॅफे या नावावर? हेअर यांनी पुढच्या चाचणीत दोन्ही याद्यांना ‘पाय’ या फळं भरून भाजलेल्या पदार्थाच्या तयार मिश्रणाचं पाकीट जोडलं. तेव्हा मॅक्सवेल हाउसवालीही तशीच आळशी ठरली. म्हणजे दोष नावात नव्हता, आयत्या पदार्थांत होता.

दुसरं भोक अधिक खोल आहे. आपण दुसऱ्या बाईला काय म्हणतो, यावरून आपण काय विकत घेतो हे कसं कळणार? त्यासाठी आणखी एका गटाला यादी दाखवून झाल्यावर त्यांच्या घरात झटपट कॉफी आहे का, हे पाहिलं गेलं. ज्यांच्या घरी ती नव्हती, त्यांनीच यादीतल्या बाईला जास्त नावं ठेवली होती. वर्णनाचा वागणुकीशी मेळ बसला. माझ्या मते संपूर्ण अभ्यासात सर्वांत मोलाची गोष्ट हीच. आज नक्कल करताना पहिल्यांदा गाळली जाते तीही हीच.

वेबस्टर आणि फॉन पेखमन या अभ्यासकांनी हाच प्रयोग पुन्हा केला आणि 1970 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन बायकांच्या वर्णनांतला फरक बहुतांशी पुसला गेला होता. पद्धत चुकलेली नव्हती. वीस वर्षांत झटपट कॉफी घरोघरी पोचली होती आणि ती विकत घेण्यात लाजण्यासारखं काही उरलं नव्हतं. अशा मुलाखतींतून सापडलेलं कारणही कालांतराने जुनं होत जातं. जुन्या अहवालावर नवी जाहिरात बेतणाऱ्यांनी निदान तारीख तरी पाहावी.

हीच पद्धत आपल्याकडे वापरायची, तर विकतची आलं-लसूण पेस्ट हा सोपा नमुना घेता येईल. यादी अशी: कांदे दोन किलो, बटाटे एक किलो, तूरडाळ एक किलो, दही अर्धा किलो, कोथिंबिरीची जुडी. शेवटची ओळ एका यादीत ‘आलं-लसूण पेस्ट, एक पाकीट’, दुसरीत ‘आलं-लसूण, पाव किलो’. ब्रँडचं नाव पहिल्या फेरीत नकोच. ते घालायचं तर वेगळी जोडी करावी. यादीत नूडल्सचं पाकीट किंवा तयार पराठे घातले, तर दोन्ही याद्या आधीच ‘आयत्या’ वाटतील आणि फरक बुडेल. सूचनेत ‘बाई’ न म्हणता ‘ही यादी करणारी व्यक्ती’ म्हणावं. उत्तर देणारे तिला बाई समजतात का, हीदेखील माहितीच.

कुणाला कोणती यादी, हे चिठ्ठी काढून ठरवावं. एका सोसायटीत एक आणि दुसऱ्या सोसायटीत दुसरी असं केलं, तर फरक वस्तीचा असेल. उत्तर तोंडी घेत असाल, तर मुलाखत घेणाऱ्याने मध्ये ‘म्हणजे आळशी का?’ असं सुचवू नये. त्या एका शब्दाने पुढची सगळी मुलाखत वाया जाते. वर्णनं जमली की प्रत्येकावरून यादी कोणती हे झाकून दोन माणसांनी स्वतंत्रपणे शेरे मोजावेत. दोघांची मोजणी जुळत नसेल, तर ‘आळशी’ म्हणजे नेमकं काय हेच ठरलेलं नाही असं समजावं. ‘नोकरी करत असेल, वेळ नसेल’ हा शेरा कुठे टाकायचा? तो दोष नाही, सबब आहे, आणि त्याचा रकाना वेगळा हवा. तसे शेरे जास्त निघाले, तर पेस्टची जाहिरात चवीबद्दलही नको आणि ‘घरच्यासारखी’ही नको.

शेवटी फ्रीज उघडून दाखवायला सांगावं. ही परवानगी आधी नव्हे, वर्णन लिहून झाल्यावर मागायची. आधी मागितली की पाहुण्यांसाठी घर आवरतात तसं उत्तरही आवरून येतं.